अर्जासोबतचा मेल: 340 शब्दांतून काय ठेवायचं आणि काय काढायचं

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतल्या एका एचडीपीई पाइप कारखान्यात क्वालिटी कंट्रोल असिस्टंटची जागा आहे. जाहिरातीत बीएस्सी केमिस्ट्री, पाइप टेस्टिंगचा किमान 2 वर्षांचा अनुभव, बीआयएसचं म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं रेकॉर्ड सांभाळता येणं आणि तिन्ही शिफ्टची तयारी मागितली आहे. मी एरंडोलचा, तीन वर्षं पीव्हीसी पाइपच्या लॅबला आहे. रेझ्युमेसोबतचा मेल लिहिला तर 340 शब्द झाले. इंग्रजीत करण्याआधी मराठी मसुदा पाठवतोय. मित्र म्हणतो लांब झालाय, तेच तेच येतंय. पण मला सगळंच महत्त्वाचं वाटतं. कुठं कापू?

उत्तर:

आत्ता लगेच कापायला घेऊ नका. लांबी हे लक्षण आहे, दुखणं दुसरीकडे आहे. शब्द मोजत कापायला बसलं की माणूस आधी छोटी छोटी वाक्यं उडवतो आणि मोठी, पोकळ वाक्यं तशीच राहतात, कारण ती भारदस्त दिसतात. तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी रोख, मग पुनरुक्ती, आणि लांबी सगळ्यात शेवटी. पहिली दोन कामं नीट झाली की तिसऱ्याला फारसं काही उरत नाही.

रोख तपासायला एक कागद घ्या आणि डावीकडे जाहिरातीतल्या मागण्या एकाखाली एक लिहा. तुमच्या बाबतीत त्या चार आहेत: पदवी, टेस्टिंगचा अनुभव, बीआयएसचं रेकॉर्ड, शिफ्ट. त्यांच्याखाली पाचवी ओळ मोकळी सोडा, तिच्याकडे नंतर येऊ. आता मसुद्यातल्या वाक्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येक वाक्य कोणत्या मागणीचं उत्तर देतं ते बघून त्याचा क्रमांक त्या मागणीसमोर टाका. जे वाक्य कशाचंच उत्तर देत नाही त्याचा क्रमांक उजवीकडे वेगळा लिहा.

तुमच्या मसुद्यात 24 वाक्यं आहेत. पदवीसमोर 4 आली, अनुभवासमोर 8, बीआयएससमोर फक्त 1 आणि शिफ्टसमोर एकही नाही. उरलेली 11 उजवीकडे गेली: 5 रीतभातीची, 4 स्वतःच्या गुणांची, 1 वडिलांच्या कापसाच्या शेतीचं आणि 1 कंपनीच्या नावलौकिकाचं. मित्राला लांबी दिसली, पण खरी अडचण ही आहे. चारपैकी एका मागणीला उत्तरच नाही आणि एकीला ओझरतं आहे. हाच मसुदा नुसता कापून 150 शब्दांवर आणला असता तरी शिफ्टचं उत्तर आलं नसतं. मेल आखूड झाला असता, पण नेमका झाला नसता.

बीआयएसचं ते एकमेव वाक्य 21 वं आहे: «तसेच बीआयएसचे काम देखील पाहिले आहे.» पाहिले म्हणजे काय केलं? रजिस्टर भरलं, नमुने काढले, की तपासणीला अधिकारी आले तेव्हा शेजारी उभे होतात? पाइपवर आयएसआयचा शिक्का मारायचा तर बीआयएसचा परवाना लागतो, आणि परवाना टिकवायचा तर चाचण्यांच्या नोंदी चोख लागतात. त्यामुळे कारखान्याच्या दृष्टीनं ही मागणी पदवीइतकीच, कदाचित जास्तच मोलाची आहे. तुमच्या रेझ्युमेत लिहिलंय की रोजच्या चाचण्यांचं रजिस्टर तुम्हीच ठेवता आणि तपासणीच्या वेळी नमुने काढून नोंदी दाखवण्याचं काम केलं आहे. मग मेलमध्ये ते «देखील पाहिले» होऊन का आलं? «तसेच» आणि «देखील» ज्या वाक्यात एकत्र दिसतील तिथं थांबून बघायचं. बहुतेक वेळा कामाची गोष्ट शेवटी आठवून चिकटवलेली असते.

आता ती मोकळी सोडलेली पाचवी ओळ. जाहिरातीत न लिहिलेला, पण वाचणाऱ्याच्या मनात हमखास येणारा प्रश्न तिथं लिहायचा. तुमच्या बाबतीत तो उघड आहे: «हा पीव्हीसीवाला आहे, आपल्याकडे एचडीपीई चालतं, याला जमेल का?» मसुद्यात तुम्ही सगळीकडे नुसतं «पाइप टेस्टिंग» लिहून हा फरक झाकला आहे. असं लिहू नका. क्वालिटीच्या माणसाला रेझ्युमे उघडल्याबरोबर पीव्हीसी दिसणारच आहे. तोवर तुम्ही काही बोलला नसाल तर त्याला दोनच शक्यता दिसतात: एक तर तुम्ही लपवलंत, नाही तर तुम्हाला फरकच माहीत नाही. दोन्ही वाईट, आणि लॅबच्या जागेसाठी दुसरी जास्त वाईट.

खरं तर या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. पीव्हीसी पाइपला तुम्ही आयएस 4985 हे भारतीय मानक वापरता, एचडीपीईला आयएस 4984 लागतो. मापं, घनता, तापवल्यावर लांबी किती बदलते ते बघणारी रिव्हर्जन आणि पाण्याच्या दाबाची हायड्रोस्टॅटिक या चाचण्या दोन्हीकडे आहेत. तापमान, दाब, मर्यादा वेगळ्या असतात, पण हात बसलेला असतो. नवीन येतं ते मुख्यतः वितळलेलं प्लास्टिक किती वाहतं ते मोजणारा मेल्ट फ्लो आणि कार्बन ब्लॅक: काळ्या पाइपमध्ये त्याचं प्रमाण किती आणि तो नीट पसरला आहे का. हे एवढं तीन वाक्यांत लिहिलं की मेलला कणा मिळतो. काय येतं, त्यातलं इथं काय चालेल आणि काय शिकावं लागेल, हे रेझ्युमे सांगू शकत नाही. रेझ्युमे तुम्ही काय केलं ते सांगतो. ते या कारखान्याच्या कामाशी जोडून दाखवण्यासाठीच मेल असतो.

आता पुनरुक्ती. ती तीन ठिकाणी शोधावी लागते आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिली मेलच्या आतली. अनुभवाची आठ वाक्यं एकाखाली एक मांडून बघा. त्यातली तीन अशी आहेत:

«मला पाइप टेस्टिंगच्या क्षेत्रात तीन वर्षांचा अनुभव आहे.»

«गेली तीन वर्षे मी एका नामांकित कंपनीत लॅब टेक्निशियन म्हणून कार्यरत आहे.»

«या तीन वर्षांच्या कालावधीत मी विविध चाचण्यांचा समृद्ध अनुभव घेतला.»

तिन्हींत मिळून माहिती किती? तीन वर्षं, लॅब, पाइप. बाकी सगळा पिसारा. आणि हे सगळं वर असताना 17 व्या वाक्यात, जिथवर वाचणारा पोचेलच असं नाही, तुम्ही लिहिलंय की एका शिफ्टला साधारण 12 नमुने तुम्ही स्वतः तपासता. संपूर्ण मेलमधला सगळ्यात चांगला पुरावा हा आहे. एकाच मागणीसमोर अनेक वाक्यं जमली की त्यातलं आकडा, चाचणीचं नाव किंवा केलेलं काम असलेलं वाक्य ठेवायचं. बाकीच्यांत एखादा नवा तपशील असेल तर तो त्यात घालायचा आणि वाक्यं काढून टाकायची. मग आठाची दोन होतात: «तीन वर्षं पीव्हीसी पाइपच्या लॅबमध्ये आहे. आयएस 4985 प्रमाणे मापं, घनता, रिव्हर्जन आणि हायड्रोस्टॅटिक या चाचण्या स्वतः करतो, एका शिफ्टला साधारण 12 नमुने.»

वेश बदलून आलेली पुनरुक्ती ओळखणं थोडं अवघड असतं. «मी मेहनती आहे», «जबाबदारीने काम करतो», «कामात कधीच कुचराई करत नाही», «नवीन गोष्टी शिकण्याची मला जिद्द आहे» ही चार वाक्यं शब्दांनी वेगळी आहेत, पण दावा जवळपास एकच. शिवाय कुणीच अर्जात स्वतःला आळशी म्हणवून घेत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला यातून निवडायला काही मिळत नाही. चारही काढा. शिकण्याची तयारी मात्र वाया जात नाही. मेल्ट फ्लोच्या वाक्यात ती आपोआप येते, आणि तिथं ती कशाबद्दल आहे हेही कळतं.

दुसरी रेझ्युमेशी होणारी पुनरुक्ती. दहावी, बारावी आणि पदवीचे टक्के, कॉलेजचं नाव, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे पूर्ण नाव (तेवढ्यातच सहा शब्द गेले), जन्मतारीख, पत्ता, हे सगळं रेझ्युमेत आहेच. मेलमध्ये «बीएस्सी केमिस्ट्री» एवढं बस. पण रेझ्युमेत आहे म्हणून मेलमधून सगळंच काढायचं असाही अर्थ घेऊ नका. ही उलटी चूकही बऱ्याच जणांची होते: मेलमध्ये फक्त «रेझ्युमे सोबत जोडला आहे, कृपया पाहावा» एवढंच उरतं आणि जोडलेली फाइल उघडण्याचं कारणच वाचणाऱ्याला मिळत नाही. जाहिरातीच्या मागण्यांना भिडणाऱ्या तीन-चार गोष्टी मुद्दाम दोन्हीकडे ठेवायच्या: अनुभवाची वर्षं, चाचण्यांची नावं, रजिस्टरचं काम. रेझ्युमेतली ओळ जशीच्या तशी उतरवू नका, एवढंच.

तिसरी पुनरुक्ती मेलच्या माथ्यावर असते आणि तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. तुमची सुरुवात अशी आहे: «आदरणीय महोदय, सविनय नमस्कार. उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपल्या जाहिरातीच्या अनुषंगाने मी क्वालिटी कंट्रोल असिस्टंट या पदासाठी माझा अर्ज सादर करीत आहे.» शाळेत अर्जलेखनाला या सुरुवातीचे मार्क मिळायचे, तेव्हापासून ती अंगात मुरली आहे. कागदावर ती चालून जात होती. मेलमध्ये ती दोनदा नडते. पदाचं नाव विषयाच्या ओळीत आलेलंच आहे, ते पुन्हा येतं. शिवाय फोनवर इनबॉक्समध्ये विषयाखाली मेलचे पहिले काही शब्द दिसतात. तिथं «तीन वर्षं पीव्हीसी पाइपच्या लॅबमध्ये» दिसण्याऐवजी «आदरणीय महोदय, सविनय नमस्कार. उपरोक्त» एवढंच दिसतं. तेव्हा «नमस्कार» म्हणा आणि थेट कामावर या. त्यात उद्धटपणा नाही. मेलमध्ये पुढं «आपल्याकडे» येतं, तेवढा मान पुरतो.

विषयाची ओळही याच वेळी बघून घ्या. तुमची आहे: «क्वालिटी कंट्रोल असिस्टंट या पदासाठी अर्ज सादर करणेबाबत». फोनवर लांब विषय मधेच तुटतो, म्हणून पदाचं नाव आधी, मग अनुभव, मग तुमचं नाव. «सादर करणेबाबत» सरकारी कचेरीच्या आवक-जावक रजिस्टरला शोभतं, इथं जागा खातं.

शेवटाकडे «आपण माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार कराल अशी आशा बाळगतो», «संधी दिल्यास मी तिचे सोने करेन» आणि «आपला आभारी राहीन» अशी तीन वाक्यं ओळीनं आली आहेत. तिन्ही एकच विनंती करतात. «सहानुभूतिपूर्वक» तर नक्की काढा. तुम्ही काम जाणणारा माणूस म्हणून अर्ज करताय, मदत मागत नाही आहात.

वडिलांच्या शेतीचं वाक्य काढताना तुम्हाला जड जाईल याची कल्पना आहे. पण त्याच्या आजूबाजूला एक कामाची गोष्ट दडली आहे: तुम्ही एरंडोलला राहता. जाहिरातीत तिन्ही शिफ्ट आहेत. एरंडोल ते जळगाव महामार्गानं पंचवीस-तीस किलोमीटर, आणि रात्रपाळीला येण्या-जाण्याचं काय, हा प्रश्न वाचणारा विचारणारच. म्हणून घराची ओळ ठेवायची असेल तर ती शिफ्टच्या उत्तरात ठेवा: सध्या कुठं राहता आणि निवड झाल्यावर काय करणार. रोज एसटीनं येणार असाल तर «शिफ्ट चालेल» हे कोरडं वाक्य पटणार नाही. जळगावात राहायला येणार असाल तर तसं स्पष्ट लिहा, आणि खरंच येणार असाल तरच लिहा.

एवढं झाल्यावर मेल साधारण असा उरतो. आकडे तुमच्या मसुद्यातले आणि रेझ्युमेतले आहेत, पाठवण्याआधी एकदा पडताळा.

> विषय: क्वालिटी कंट्रोल असिस्टंट – पाइप टेस्टिंग 3 वर्षं – (पूर्ण नाव)
>
> नमस्कार,
>
> तीन वर्षं पीव्हीसी पाइपच्या लॅबमध्ये आहे. आयएस 4985 प्रमाणे मापं, घनता, रिव्हर्जन आणि हायड्रोस्टॅटिक या चाचण्या स्वतः करतो, एका शिफ्टला साधारण 12 नमुने. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री.
>
> आपल्याकडे एचडीपीई पाइप होतात. वरच्या चारही चाचण्या आयएस 4984 मध्येही आहेत, त्यामुळे त्या कामाला लगेच हात घालू शकेन. मेल्ट फ्लो आणि कार्बन ब्लॅक या चाचण्या मी अजून केलेल्या नाहीत, त्या शिकाव्या लागतील.
>
> रोजच्या चाचण्यांचं बीआयएसचं रजिस्टर मीच भरतो. तपासणीच्या वेळी नमुने काढणं आणि नोंदी दाखवणं हे कामही केलं आहे.
>
> तिन्ही शिफ्ट चालतील. सध्या एरंडोलला राहतो, निवड झाल्यास जळगावात राहायला येईन. आताच्या नोकरीत एक महिन्याची नोटीस आहे.
>
> रेझ्युमे सोबत जोडला आहे. लॅबमध्ये प्रात्यक्षिक घ्यायचं असल्यास एक दिवस आधी कळवावं, येईन.
>
> (नाव)
> (मोबाइल)

हा शंभराच्या आसपास शब्दांचा झाला. 340 वरून इतका खाली आला तरी यात मूळ मसुद्यापेक्षा जास्त माहिती आहे: शिफ्ट, नोटीस, एचडीपीईचा फरक आणि रजिस्टरचं नेमकं काम हे आधी नव्हतंच. नोटिशीची ओळ जाहिरातीत मागितलेली नाही, तरी ठेवली, कारण चालू नोकरीतल्या माणसाबद्दल तो प्रश्न पहिल्या फोनवर येतोच.

आता लांबीबद्दल जे थोडं उरतं ते. मराठीत «लॅबमध्ये», «कामाला», «शिफ्टला» असे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, इंग्रजीत त्यांचे सुटे शब्द होतात. त्यामुळे भाषांतर झाल्यावर आकडा वाढणार, दीडशेपर्यंत गेला तरी घाबरू नका. दोनशेच्या वर गेला तर मात्र समजा की जुना पिसारा इंग्रजीतून परत आला. हे फार सहज होतं. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि अर्ज इंग्रजीत असा प्रवास असला की तिसऱ्या भाषेत धीर यावा म्हणून माणूस पाठ असलेली वाक्यं आधाराला घेतो: «आय वुड लाइक टू ब्रिंग टू युअर काइंड नोटिस» वगैरे. मराठीत काढलेलं «कळविण्यात येते की» तेच हे. म्हणून इंग्रजी करून झाल्यावर वाक्यांना पुन्हा क्रमांक द्या. मराठीत नसलेलं वाक्य इंग्रजीत दिसलं तर ते तिथंच काढा.

शब्द मोजायला गूगल डॉक्समध्ये `Ctrl+Shift+C` दाबा. सही आणि मोबाइल नंबर मोजणीत धरू नका. पुनरावृत्ती शोधायला `Ctrl+F` नं «अनुभव» शोधा. तुमच्या मसुद्यात तो 9 वेळा होता, वरच्या मेलमध्ये एकदाही नाही आणि तरी सगळा मेल अनुभवाचाच आहे. «मी» शोधताना मात्र आधी-नंतर मोकळी जागा देऊन शोधा, नाही तर «कमी», «नेहमी» असले शब्दही मोजले जातात. इंग्रजी मसुद्यात परिच्छेदांची सुरुवात बघा. प्रत्येक परिच्छेद «आय»नेच सुरू होत असेल तर एक-दोन वाक्यं कामाच्या नावापासून सुरू करा. मराठीत क्रियापदातच कर्ता कळतो, त्यामुळे ही अडचण भाषांतरातच पहिल्यांदा दिसते.

कापण्याचा एक तोटाही सांभाळा. वाक्यं फार छाटली की मेल तारेसारखा वाचला जातो आणि दोन गोष्टींमधला संबंध निघून जातो. «आयएस 4985 येतं. आयएस 4984 शिकेन.» हे लहान आहे, पण चूक आहे, कारण चारही चाचण्या दोन्हीकडे आहेत हा मुद्दाच गेला. «त्यामुळे», «म्हणून» हे शब्द काढण्याआधी वाक्य मोठ्यानं वाचा. जोडणी तुटल्यासारखी वाटली तर शब्द परत घाला. तिथं दोन शब्द वाचवण्यात काही मिळत नाही.

शेवटची तपासणी फोनवर. मेल आधी स्वतःलाच पाठवा आणि इनबॉक्समध्ये न उघडता बघा: विषयात पदाचं नाव पूर्ण दिसतं का, त्याखाली अनुभवाचे शब्द येतात का. मग उघडा. एका परिच्छेदानं स्क्रीनचा अर्ध्याहून जास्त भाग भरला तर तो दोन करा. जोडलेली फाइल उघडून बघा आणि तिचं नाव `resume_final_new2.pdf` असं असेल तर बदलून त्यात पद आणि तुमचं नाव घाला. सही आपोआप लागत असेल तर मोबाइल नंबर दोनदा येत नाही ना, तेही तिथंच कळतं.

हाच मेल दुसऱ्या पाइप कारखान्याला पाठवायचा झाला तर पहिला आणि रजिस्टरचा परिच्छेद तसेच चालतील. दुसरा परिच्छेद मात्र दर वेळी नव्यानं लिहावा लागेल. ठिबकच्या नळ्या करणाऱ्याकडे अर्ज केलात तर तिथं मानक वेगळं, चाचण्या वेगळ्या, आणि चारही समान आहेत हे वाक्य तिथं खोटं ठरू शकतं. ते आधी बघून घ्या. आणि भुसावळची रेल्वे किंवा ऑर्डनन्स फॅक्टरी अशा सरकारी भरतीला या सगळ्याचा उपयोग नाही. तिथं ठरलेला फॉर्म भरायचा असतो, मेल कुणी वाचत नाही.

पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तर शिफ्टच्या परिच्छेदात एक ओळ घाला, आकड्यासह. विचारली नसेल तर घालू नका. तुमच्या मसुद्यातलं «योग्य वेतन मिळावे ही अपेक्षा» हे वाक्य दोन्ही परिस्थितीत काढायचंच आहे.